बर्फातून आणलेल्या प्लेटलेट्स डॉक्टरांनी चढवल्या नाहीत. लाल रक्ताला बर्फ चालतो, मग ह्यांना का नाही?

मलप्रभेकाठी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातनं लिहितोय. डोक्यातनं जात नाही म्हणून इथं मांडतोय.

माझ्या पुतण्याला डेंगी झाला. वय अकरा, वजन 38 किलो. खानापुरातल्या एका दवाखान्यात ठेवलेलं. पाचव्या दिवशी काउंट 9 हजारावर आला आणि हिरड्यांतनं रक्त यायला लागलं. रात्री नाकातनंही आलं, ते थांबेना. डॉक्टर म्हणाले, बेळगावहून चार पिशव्या प्लेटलेट्स आणा. मी आणि चुलत भाऊ मोटरसायकल काढून निघालो.

मार्चमध्ये आईला रक्त चढवलं तेव्हा त्याच ब्लड बँकेनं थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक घालून पिशव्या दिल्या होत्या. तो डबा घरात होता, तोच नेला. ह्या वेळी खिडकीवरच्या माणसानं चार लहान पिवळट पिशव्या साध्या कॅरीबॅगेत घालून हातात दिल्या. एक छापील कागद दिला, कन्नड आणि इंग्लिशमधला. वाचायला सवड कुठली? मला वाटलं, ह्याच्याकडचे जेलपॅक संपले असतील. चौकात ज्यूसच्या गाड्यावरनं बर्फ घेतला, डब्यात अंथरला, वर पिशव्या, वर पुन्हा बर्फ. तासाभरात खानापुरात.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि गप्प झाले. एक पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली, मग दुसरी. म्हणाले, "ह्या मी देणार नाही." पुन्हा बेळगाव, पुन्हा चार पिशव्या. पहाटे तीनला चढल्या. नाकातलं रक्त सकाळपर्यंत थांबलं, दुसऱ्या दिवशी काउंट 24 हजार. पोरगा आता घरी आहे.

पण चार जणांनी दिलेलं रक्त माझ्या हातून वाया गेलं. हे असं का होतं ते मला समजून घ्यायचंय. आणि दुसरं, आईला दिलेल्या पिशवीवरची तारीख बघितली तर रक्त 31 दिवसांचं होतं. ताजं मागायला पाहिजे होतं का?

---

टिळकवाडीकर

प्लेटलेट्स थंडीत मरतात. बर्फात फुटल्या असणार, फ्रीजरमध्ये काचेची बाटली फुटते तशा. ह्यात तुमची चूक नाही, खिडकीवरच्या माणसानं तोंडानं सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी केलं ते बरोबर.

---

रक्तपेढीतली मावशी

मी सत्तावीस वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. मलप्रभेकाठी, तुमच्यासारखे डबे घेऊन आलेले नातेवाईक मी पुष्कळ बघितलेत. तुम्ही केलं ते जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण रक्त म्हटलं की बर्फ हेच डोक्यात बसलेलं असतं. टिळकवाडीकरांचं अर्धं बरोबर आहे. सांगायला हवं होतं, हे शंभर टक्के खरं. पण प्लेटलेट्स फुटत नाहीत. फुटल्या असत्या तर समजायला सोपं झालं असतं.

एका माणसानं 350 मिली रक्त दिलं की ते एकमेकांना जोडलेल्या पिशव्यांच्या संचात येतं. प्लेटलेट्स काढायच्या असतील तर ते रक्त आम्ही फ्रीजमध्ये घालतच नाही. साध्या तापमानाला ठेवतो आणि काही तासांच्या आत मशीनवर फिरवतो. पहिल्यांदा हळू. लाल पेशी जड, त्या तळाला बसतात. प्लेटलेट्स हलक्या, त्या वरच्या पिवळ्या पाण्यात तरंगत राहतात. ते पिवळं पाणी दुसऱ्या पिशवीत ढकलायचं आणि पुन्हा फिरवायचं, आता जोरात. आता प्लेटलेट्स खाली बसतात. वरचा बराचसा प्लाझ्मा तिसऱ्या पिशवीत काढून घ्यायचा आणि प्लेटलेट्ससोबत पन्नास-साठ मिली ठेवायचा. तीच तुमची ती लहान पिशवी.

मग तिघांची तीन घरं. लाल पेशी 2 ते 6 अंशांच्या फ्रीजमध्ये. प्लाझ्मा उणे 30 किंवा त्याखाली, वर्षभर टिकतो. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांत, आणि तेही सतत डुलणाऱ्या मशीनवर, फक्त पाच दिवस.

आता थंडीचं. चांगली प्लेटलेट सपाट असते, मसुरीच्या डाळीसारखी. 20 अंशांच्या बऱ्याच खाली गेली की तिच्या आतला सांगाडा मोडतो, ती गोल होते आणि अंगाला काटे फुटतात. तिच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनंही गोळा होऊन एका जागी येतात. मग ती शरीरात गेल्यावर यकृतातल्या पेशी तिला बिघडलेली म्हणून ओळखतात आणि उचलून नेतात. जी चार-पाच दिवस रक्तात फिरली असती, ती त्याच्या कितीतरी आधी नाहीशी होते. पुन्हा उबेला आणली तर आकार थोडाफार परत येतो, पण लागलेली खूण जात नाही. 1969 मध्ये मर्फी आणि गार्डनर ह्या दोन डॉक्टरांनी हे दाखवलं, आणि तेव्हापासून प्लेटलेट्स फ्रीजबाहेर आल्या.

तुमच्या डॉक्टरांनी ट्यूबलाइटसमोर पिशवी का धरली? सपाट प्लेटलेट्स हलवल्या की उजेडात चमकत वळतात. इरकल साडीचा पदर उन्हात हलवल्यावर जशी झळाळी सरकते, अगदी तशी. गोल झालेल्या प्लेटलेट्सची पिशवी हलवली तर नुसतं गढूळ पाणी हलतं, झळाळी नसते. आम्ही प्रत्येक पिशवी बाहेर देताना हे बघायचो.

आईंच्या पिशवीबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

जांबोटीचा दत्ता

मी दोन महिन्यांपूर्वी रक्तदान केलंय. आता प्लेटलेट्स देता येतील का? कोणाला लागत असतील तर सांगा, मी तयार आहे.

---

टिळकवाडीकर

दत्ता, पोराचं काम झालंय, ते घरी आलंय. धागा वरपासून वाचा.

मावशी, सतत डुलवायचं कशासाठी? नुसतं टेबलावर ठेवलं तर?

---

रक्तपेढीतली मावशी

दत्ता, मशीनवरच्या प्लेटलेट्स देता येतील का हे रक्तपेढीतले डॉक्टर तुमच्या हाताची शीर आणि तुमचा स्वतःचा काउंट बघून ठरवतील. नाव नोंदवून ठेवा. एका माणसाकडून मशीननं घेतलेली ती मोठी पिशवी साध्या पाच-सहा पिशव्यांच्या तोडीची असते.

डुलवण्याचं कारण श्वास. प्लेटलेट्स जिवंत आहेत, त्यांना प्राणवायू लागतो. त्यांच्या पिशवीचं प्लास्टिकही वेगळं असतं, त्यातनं हवा आत-बाहेर होते. म्हणून ती पिशवी दुसऱ्या बंद प्लास्टिकमध्ये आवळून बांधायची नाही आणि एकावर एक रचायचीही नाही. पडून राहिल्या की त्या तळाला बसतात, तिथं प्राणवायू पोचत नाही. मग साखर अर्धवट जाळून आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की त्या गोल होतात, झळाळी जाते. म्हणजे थंडी न लागताही वाया जाऊ शकतात. बेळगाव ते खानापूर तासभर न डुलता राहिल्या तर काही बिघडत नाही. पण दवाखान्यात पोचल्यावर "उद्या सकाळी लावू" म्हणून कपाटात ठेवल्या, तर बिघडतं. फ्रीजमध्ये ठेवल्या तर आणखी वाईट.

पाच दिवसच का? ह्या तापमानात जंतूही वाढतात. कातडीवरचा एखादा जंतू सुईबरोबर आत गेला, तर फ्रीजमधल्या रक्तात तो बहुतेक दबून राहतो, प्लेटलेट्समध्ये मात्र त्याला आयती ऊब मिळते. म्हणून प्लेटलेट्स लावल्यावर रोग्याला जोराची थंडी वाजून ताप चढला किंवा रक्तदाब पडला, तर लगेच बंद करायचं, आणि पिशवी फेकायची नाही. ती नळीसकट रक्तपेढीत तपासायला परत पाठवायची.

---

निवृत्त सुभेदार, कॅम्प

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. थंड प्लेटलेट्स म्हणजे कचरा, असं सरसकट म्हणू नये. रक्त वाहत असलेल्या जखमीला थंड प्लेटलेट्स चालतात, उलट त्या लवकर चिकटतात असं आम्हाला शिकवलं होतं. जिथं काहीच मिळत नाही तिथं ताजं अख्खं रक्तही देतात. त्या पोराच्या नाकातनं रक्त वाहतच होतं की. मग त्या चार पिशव्या का नाही वापरायच्या?

---

रक्तपेढीतली मावशी

सुभेदार, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळत नाही. थंडीनं प्लेटलेट चिडते, चिकटायला तयार होते. जखम तोंडासमोर असेल तर तिला पाच दिवस जगायची गरज नाही, तासभर काम केलं तरी पुरे. अमेरिकेत 2023 पासून, वाहत्या रक्तस्रावासाठी आणि नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील तेव्हा, 14 दिवसांपर्यंत थंड ठेवलेल्या वापरायची मुभा आहे. पण त्या ठरवून, 1 ते 6 अंशांत, मोजलेल्या तापमानाला ठेवलेल्या असतात. ज्यूसच्या गाड्यावरच्या बर्फाला टेकलेली पिशवी कुठं शून्याला, कुठं दहाला, ते कोणाला माहीत? एखादा कोपरा गोठला असेल तर तिथल्या पेशी खरोखरच फुटतात. शिवाय तो बर्फ स्वच्छ पाण्याचा नसतो, आणि पिशवीचं सुई टोचायचं तोंड त्याच पाण्यात बुडालेलं. मी त्या पिशव्या सोडल्या नसत्या.

---

निवृत्त सुभेदार, कॅम्प

बर्फाच्या पाण्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी रस्ता बंद असता आणि दुसऱ्या पिशव्या येणारच नसत्या, तर मी लावल्या असत्या.

---

सुरेखा निपाणी

माझी मुलगी सात वर्षांची आहे, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. कधी कोल्हापूर, कधी बेळगाव, जिथं तिच्या गटाचं मिळेल तिथं. दर वेळी मी ताजं द्या म्हणून हात जोडते. एकदा काउंटरवर ऐकवलं, "ताजं-शिळं काही नसतं, भाजी आहे का ही?" मावशी, मी चुकीचं मागते का?

---

शहापूरचा आण्णा

ताजंच चांगलं, ह्यात विचारायचं काय? आमच्यात कोणाचं ऑपरेशन असलं की सख्खा भाऊ रक्त देतो आणि तेच लावून घेतो. घरचं रक्त, ओळखीचं रक्त, लगेच लागतं. सुरेखाताई, बापाचंच द्या की.

---

रक्तपेढीतली मावशी

आण्णा, तुमचा भाव समजतो, पण सुरेखाताईंनी हे अजिबात करू नये, म्हणून आधी त्यावरच लिहिते. रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशीही जातात. परक्या माणसाच्या असल्या तर रोग्याचं शरीर त्यांना ओळखून मारतं. सख्ख्या नातेवाइकाच्या असल्या तर त्या इतक्या सारख्या असू शकतात की ओळखल्याच जात नाहीत. मग त्या आत रुजतात आणि उलट रोग्याच्याच शरीरावर तुटून पडतात. आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर चट्टे, जुलाब, मग हाडातला मगजच संपतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर जवळजवळ कोणी वाचत नाही. रक्त जितकं ताजं, तितक्या ह्या पेशी जोमदार, म्हणजे धोका जास्त. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर आधी त्याला किरणांची मात्रा देऊन ह्या पेशी निकामी कराव्या लागतात. भावाला रक्तपेढीत द्यायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्याचं घ्या.

सुरेखाताई, तुम्ही चुकीचं मागत नाही. लाल पेशींचं वय सगळ्यांना सारखं लागू होत नाही. म्हणून आधी मलप्रभेकाठींच्या आईंचं सांगते, मग तुमच्या लेकीचं.

फ्रीजमध्ये लाल पेशी झोपते, मरत नाही. पण झोपेत तिचं काहीतरी खर्च होत राहतं. पहिल्या दोन आठवड्यांत तिच्यातलं डीपीजी नावाचं द्रव्य जवळजवळ संपतं. हे द्रव्य तिला प्राणवायू सोडायला भाग पाडतं. ते नसलं की ती प्राणवायू घट्ट धरून ठेवते. रोग्याच्या अंगात गेल्यावर ते पुन्हा तयार होतं, काही तासांत निम्मं आणि दोन-तीन दिवसांत पुरतं. दुसरं म्हणजे पोटॅशियम. पेशीच्या अंगातला पंप थंडीत बंद पडतो, आणि आतलं पोटॅशियम झिरपून बाहेरच्या पाण्यात येतं. तिसरं, आकार. लवचीक चकती हळूहळू काटेरी होते, शेवटी गोळी होते. अशा काही पेशी फुटतात, म्हणून जुन्या पिशवीतलं वरचं पाणी किंचित गुलाबी दिसतं.

हे सगळं भीतीदायक वाटतं, पण मापात बघा. अगदी मुदतीच्या टोकाला आलेल्या पिशवीत मोकळं झालेलं सगळं पोटॅशियम एका केळ्यातल्यापेक्षा कमीच भरतं. दोन-तीन तासांत थेंब थेंब जातं, तोवर मूत्रपिंड आणि पेशी ते सामावून घेतात. 2015 मध्ये कॅनडा आणि युरोपातल्या अतिदक्षता विभागांतल्या दोन हजारांहून जास्त रोग्यांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना सरासरी 6 दिवसांचं रक्त, अर्ध्यांना 22 दिवसांचं. 90 दिवसांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. ताज्याचा फायदा दिसलाच नाही.

मलप्रभेकाठी, आईंचं हिमोग्लोबिन किती होतं, किती झालं?

---

मलप्रभेकाठी

6.2 होतं, दोन पिशव्यांनी 7.9 झालं. चालताना धाप लागायची ती कमी झाली.

---

रक्तपेढीतली मावशी

350 मिलीच्या पिशवीनं साधारण एकाच्या आतबाहेर वाढ होते. म्हणजे त्या 31 दिवसांच्या रक्तानं आपलं काम केलं. पिशवीवर साध्या द्रावणाचं नाव असेल तर मुदत 35 दिवस, वरून एसएजीएम नावाचं पोषक द्रावण घातलेलं असेल तर 42. तुम्ही मुदतीत होतात. तारखेपेक्षा डोळ्यांनी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पिशवीला जोडलेल्या नळीच्या तुकड्यांतलं रक्त आणि पिशवीतलं रक्त शेजारी धरायचं. पिशवीतलं जास्त काळं-जांभळं दिसलं तर जंतूंची शंका. गुठळ्या दिसल्या किंवा वरचं पाणी लालभडक असलं, तर परत करायची. लाल पिशवीही बर्फाला थेट टेकली तर गोठून फुटते, म्हणून आम्ही जेलपॅक आणि पिशवीच्या मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड घालायचो. आणि फ्रीजबाहेर आल्यावर अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपवायची.

सुरेखाताई, आता तुमच्या लेकीचं. एखाद्या मुदतीला किती दिवस द्यायचे हे ठरवताना नियम असा आहे की शेवटच्या दिवशी दिलेल्या पेशींपैकी किमान 75 टक्के चोवीस तासांनंतर रोग्याच्या अंगात शिल्लक राहिल्या पाहिजेत. म्हणजे जुन्या पिशवीतल्या पावभर पेशी पहिल्याच दिवशी जाऊ शकतात. आईंना एकदाच रक्त लागलं, त्यांना त्याचं काही नाही. पण तुमच्या लेकीला प्रत्येक पिशवीबरोबर 200 मिलीग्रामच्या आसपास लोह मिळतं, ते बाहेर पडायला वाट नाही. पेशी लवकर गेल्या तर लोह तेवढंच आणि रक्ताचे दिवस मात्र कमी. म्हणून थॅलेसेमियाच्या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त द्यावं असं सांगतात. "ताजं द्या" म्हणण्यापेक्षा "दोन आठवड्यांच्या आतलं, गाळलेलं" असं म्हणा. आणि तारीख ठरली की आठवडाभर आधी कळवा.

ताजं खरोखर लागतं ते नवजात बाळांना. काविळीसाठी बाळाचं अख्खं रक्त बदलतात तेव्हा तेच पोटॅशियम एवढ्याशा जिवाला थेट हृदयावर लागतं. तिथं पाच-सात दिवसांच्या आतलंच.

---

सुरेखा निपाणी

कोणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. पण दोन आठवड्यांच्या आतलं म्हटलं की "नाही, आहे ते घ्या" असं उत्तर येतं. तेव्हा थांबायचं का घ्यायचं? ती सुकून जाते ओ, शाळेत डोकं टेकून बसते.

---

रक्तपेढीतली मावशी

घ्यायचं. तीन आठवड्यांचं रक्त मिळतंय म्हणून हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ देणं जास्त वाईट. पण दर वेळची पिशवीची तारीख वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन किती होतं तेही शेजारी. सहा महिन्यांनी ती वही तिच्या डॉक्टरांना दाखवा. जुन्या पिशव्यांनंतर लवकर उतरतंय का, ते त्यातनं दिसेल.

---

जांबोटीचा दत्ता

धागा आता पूर्ण वाचला. आमच्याकडं भातकापणीत घोणस चावते, रक्त गोठायचं बंद होतं. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्याला सहा पिशव्या प्लाझ्मा दिला. त्याचं काय असतं?

---

रक्तपेढीतली मावशी

प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारे घटक असतात, म्हणून तो देतात. पण विष अंगात फिरत असताना घातलेले घटकही विष खाऊन टाकतं. आधी सर्पविषाची लस, पुरेशी, आणि दर सहा तासांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठतं का ते बघणं. लशीनंतरही रक्तस्राव चालूच राहिला तर मग प्लाझ्मा. कधीकधी प्लाझ्मापासून काढलेला क्रायो देतात, कारण त्यात गुठळीचं मुख्य प्रथिन घट्ट स्वरूपात असतं. अशक्तपणासाठी प्लाझ्मा द्या म्हणून लोक हटून बसतात, त्यासाठी तो नाही.

---

टिळकवाडीकर

एक राहिलं. उन्हाळ्यात बेळगावात 36-37 अंश होतं. मोटरसायकलच्या डिकीत तर आणखी. मग 20 ते 24 कसे राखायचे?

---

रक्तपेढीतली मावशी

थर्माकोलचा तोच डबा, पण रिकामा. बर्फ नाही, जेलपॅक नाही. निघण्याआधी डबा रक्तपेढीतल्या गार खोलीत दहा मिनिटं उघडा ठेवा. पिशव्या आडव्या, एका थरात. डिकीत नाही, मागं बसणाऱ्याच्या मांडीवर. तासाभराच्या वाटेला एवढं पुरतं. चिकोडी-अथणीसारख्या लांबच्या वाटेला भर उन्हात एवढं पुरेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिथं रक्तपेढीकडनंच त्यांचा डबा मागून घ्या.

---

मलप्रभेकाठी

आज फॉलोअपला गेलो होतो. पोराचा काउंट 1 लाख 40 हजार. तो छापील कागद अजून खिशात होता, कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडनं वाचून घेतला. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, फ्रीजमध्ये ठेवू नका, बर्फात ठेवू नका.

डॉक्टरांना सुभेदारांचा प्रश्न विचारला, रस्ता बंद असता तर काय केलं असतं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पाऊस लागून पूल बुडाला असता तर कदाचित एक लावून बघितली असती, चारही नाही. त्यांनाही खात्री नव्हती.

घरच्या डब्यावर काळ्या मार्करनं लिहून ठेवलंय. लाल पिशवी: जेलपॅक, मध्ये पुठ्ठा. पिवळी पिशवी: बर्फ नको, फ्रीज नको, लगेच लावा. गल्लीत कोणालाही लागला तर डबा आमच्या ओसरीवर आहे.